लॉग (लघुगणक): घाताचा उलटा प्रश्न

लॉग म्हणजे घाताचा प्रश्न उलट्या बाजूने विचारणं. २ चा ५ वा घात किती, तर ३२. आता उलट विचारा, २ चा कितवा घात केला की ३२ येतात? ५. हा जो ‘कितवा’ आहे तोच ३२ चा लॉग, पाया २. पाया १० घेतला तर १०० चा लॉग २, १००० चा ३, एक कोटीचा ७. लॉग दिसला की मनात ‘कितवा घात?’ असं वाचायचं, एवढं केलं तरी निम्मी भीती जाते.

मुंबईत अकरावी सायन्सच्या पोराला लॉग भेटतो तो बहुतेक वेळा लॉग टेबलच्या पुस्तिकेतून, कारण बारावी बोर्डाच्या फिजिक्स-केमिस्ट्रीच्या पेपरात कॅल्क्युलेटर चालत नाही, लॉग टेबल चालतं. मग दादरच्या क्लासात आधी ओळ बघ, कॉलम बघ, मीन डिफरन्स मिळव हे पाठ होतं आणि आपण नक्की काय शोधतोय ते राहूनच जातं. भीती त्यातूनच येते असं माझं मत.

खरी अडचण सुरू होते ती २ चा लॉग ०.३०१० असं वाचल्यावर. शून्य पॉइंट तीन वेळा गुणायचं म्हणजे काय बुवा? तर टेबल बाजूला ठेवा. १० चा ० वा घात १ आणि १ ला घात १०, आणि २ या दोघांच्या मधे, म्हणून त्याचा लॉगही ० आणि १ च्या मधेच कुठेतरी असणार. कुठे? २ ला दहा वेळा घेऊन गुणा, १०२४ येतात, म्हणजे १००० पेक्षा जरासेच जास्त, आणि १००० हा १० चा ३ रा घात. म्हणजे दहा वेळा २ घेतले की साधारण ३ घात भरतात, तर एका २ च्या वाट्याला साधारण ०.३ आले, आणि १०२४ थोडे जास्त आहेत म्हणून ०.३ पेक्षा किंचित जास्त. टेबलातला ०.३०१० तो हाच, आणि तो आपण टेबल न उघडता काढला.

यातच लॉगचा मुख्य नियमही दिसला. पाया तोच असताना आकडे गुणले की घात मिळवले जातात, म्हणून गुणाकाराचा लॉग म्हणजे लॉगांची बेरीज, आणि तोच आकडा १० वेळा घेऊन गुणला तर लॉगची १० पट. स्कॉटलंडच्या जॉन नेपियरने १६१४ साली लॉगची टेबलं छापली ती अशा लांबलचक गुणाकारांतून सुटका व्हावी म्हणूनच; १० हा पाया घेऊन टेबलं केली ती नंतर हेन्री ब्रिग्जने.

आज गुणाकाराला मशीन आहे, पण अज्ञात आकडा घातात जाऊन बसला की लॉग लागतोच. समजा एक लाखाची एफडी केली, दरसाल ७ टक्के, व्याज वर्षातून एकदा मुद्दलात मिळतं. पैसे दुप्पट कधी? दर वर्षी रक्कम १.०७ ने गुणली जाते, तेव्हा प्रश्न असा की १.०७ चा कितवा घात २ होतो. दोन्हीकडे लॉग घेतला की घात खाली उतरतो: वर्षं गुणिले १.०७ चा लॉग बरोबर २ चा लॉग, म्हणजे वर्षं गुणिले ०.०२९४ बरोबर ०.३०१०. भागाकार केला की १०.२ च्या आसपास. पडताळून बघा, १० वर्षांनी साधारण १,९६,७०० रुपये होतात आणि ११ वर्षांनी २,१०,५००, म्हणजे दुप्पट व्हायची वेळ मधेच पडते.

चुका ठरलेल्या असतात. एक, बेरजेचा लॉग वेगळा करणं. १० आणि १० चे लॉग मिळवले तर २ येतात, पण तो १०० चा लॉग झाला. २० चा लॉग १.३०१०. दुसरं, शून्याचा किंवा ऋण संख्येचा लॉग काढायला जाणं. १० चा घात कितीही खाली नेला तरी उत्तर बारीक होत जातं, शून्य होत नाही आणि ऋण तर नाहीच, म्हणून निदान शाळा-कॉलेजच्या गणितात असा लॉग नसतो.

सगळ्यात जास्त मार्क जातात बारमधे. ०.०२ चा लॉग टेबलाने ‘बार २ पॉइंट ३०१०’ लिहितात. बार म्हणजे २ च्या डोक्यावरची आडवी रेघ, ती फक्त त्या २ ला लागू, पॉइंटनंतरचा भाग धनच, म्हणजे वजा २ अधिक ०.३०१०, एकूण वजा १.६९९०. पोरं सरळ वजा २.३०१० लिहितात आणि तो निघतो ०.००५ चा लॉग, म्हणजे उत्तर चार पट लहान. पकडायचं कसं, तर ०.०२ हा ०.०१ आणि ०.१ च्या मधे आहे, तेव्हा लॉग वजा २ आणि वजा १ च्या मधेच हवा; वजा २.३०१० त्यात बसतच नाही.