सहा नोंदी, आठ नोंदी, रूट मात्र एकच : मर्कल ट्रीची पार्श्वभूमी

मर्कल ट्री म्हटलं की आज बहुतेकांना साखळी-खातेवही आठवते. पण १९७९ मध्ये या ट्रीच्या पेटंटसाठी अर्ज झाला तेव्हा खातेवह्यांचा विषयच नव्हता. प्रश्न सह्यांचा होता. त्या काळी हॅशवर, म्हणजे मजकुरातून काढलेल्या ठराविक लांबीच्या ठशावर, आधारलेल्या डिजिटल सहीची एक पद्धत माहीत होती, पण तिची एक किल्ली एकदाच वापरता यायची. हजार संदेशांवर सह्या करायच्या तर हजार सार्वजनिक किल्ल्या आधीच जाहीर करून ठेवाव्या लागत. त्यावरचा तोडगा असा : सगळ्या किल्ल्यांचे हॅश काढायचे, दोन-दोन हॅश जोडून त्यांचा पुन्हा हॅश घ्यायचा, आणि असं करत वर जाऊन उरलेला एकच हॅश, म्हणजे रूट, जाहीर करायचा. सही देताना सोबत त्या किल्लीपासून रूटपर्यंतची वाट द्यायची. १९८२ मध्ये पेटंट मिळालं. पुढची बरीच वर्षं या कल्पनेला मोठा व्यवहारी उपयोग सापडला नाही.

वाट म्हणजे नेमकं काय, ते एकदा आकड्यांत पाहू. दहा लाख नोंदींच्या ट्रीला साधारण वीस पातळ्या असतात. माझी एक नोंद त्यात आहे हे पटवायला इतर नोंदी दाखवाव्या लागत नाहीत. प्रत्येक पातळीवर माझ्या शेजारी जो हॅश बसतो तेवढा पुरतो. वीस हॅश, प्रत्येकी ३२ बाइट, म्हणजे ६४० बाइट. तपासणारा माझ्या नोंदीचा हॅश स्वतः काढतो, शेजाऱ्याला डावीकडे की उजवीकडे जोडायचं ते पाहून पुढचा हॅश काढतो, आणि वीस पायऱ्या चढून आलेलं उत्तर त्याच्याजवळच्या रूटशी ताडून बघतो. नोंदी दुप्पट झाल्या तर एक पायरी वाढते, बस. अट एकच. ते रूट त्याच्याकडे विश्वासाच्या मार्गाने आलेलं हवं. पुरावा देणाऱ्यानेच रूटही दिलं असेल तर तपासणीला काही अर्थ राहत नाही.

२००० नंतर फाइल वाटून घेणाऱ्या नेटवर्कांनी ही रचना उचलली. फाइलचे १०२४ बाइटचे तुकडे अनोळखी लोकांकडून यायचे आणि प्रत्येक तुकडा खरा आहे का ते लगेच कळायला हवं होतं. तिथल्या मंडळींनी एक बारीकशी काळजी घेतली होती. पानाचा, म्हणजे सर्वांत खालच्या नोंदीचा, हॅश काढताना आधी `0x00` हा बाइट लावायचा आणि दोन हॅश जोडून बनणाऱ्या आतल्या गाठीचा काढताना `0x01`. जोडीदार नसलेली गाठ असली तर ती तशीच वरच्या पातळीवर न्यायची. हे दोन्ही नियम लक्षात ठेवा, कारण पुढची सगळी भानगड ते न पाळल्यामुळे झाली.

२००९ च्या जानेवारीत बिटकॉइन सुरू झालं. तिथे व्यवहारांच्या गठ्ठ्याला ब्लॉक म्हणतात. ब्लॉकच्या ८० बाइटांच्या शीर्षकात त्या ब्लॉकमधल्या सगळ्या व्यवहारांचं मर्कल रूट असतं. त्यामुळे अख्खा ब्लॉक न उतरवता, फक्त शीर्षकं जवळ ठेवून, एखादा व्यवहार त्यात आहे का ते पाहता येतं. कल्पना सुरेख आहे. पण एखाद्या पातळीवर गाठी विषम संख्येत आल्या तर काय करायचं? इथे असं ठरलं की शेवटची गाठ दोनदा लिहायची. मला तरी हा शुद्ध आळस वाटतो, पण खरं सांगायचं तर घरी पहिल्यांदा मर्कल ट्री लिहिला तेव्हा मीही नकळत हेच केलं होतं. कोडची एक ओळ वाचते आणि सगळ्या चाचण्या पास होतात.

गडबड कुठे आहे ते सहा व्यवहारांवर दिसतं. इथे `h12` म्हणजे १ आणि २ यांच्या जोडीचा हॅश, आणि `H` म्हणजे हॅश काढणं :

```
1 2 3 4 5 6      -> h12 h34 h56        -> h56 दोनदा
1 2 3 4 5 6 5 6  -> h12 h34 h56 h56
रूट (दोन्हींचं)    =  H( H(h12,h34), H(h56,h56) )
```

पहिल्या यादीत सहा व्यवहार आहेत. पहिल्या पातळीवर तीन गाठी उरतात, म्हणून शेवटची `h56` आपोआप दुणावते. दुसऱ्या यादीत कुणीतरी मुद्दाम ५ आणि ६ पुन्हा लिहिले आहेत. याद्या वेगळ्या आहेत, पण रूट अगदी एकच. हॅश फंक्शन कुठेही फुटलेलं नाही. ट्री बांधण्याच्या नियमानेच दोन याद्यांना एक ओळख दिली.

याचा फायदा असा घेता येत होता. हल्लेखोर एक ताजा, अस्सल ब्लॉक घेतो, शेवटचे दोन व्यवहार पुन्हा जोडतो आणि तुमच्या नोडला, म्हणजे बिटकॉइनच्या जाळ्यातल्या तुमच्या संगणकाला, पाठवतो. रूट तेच असल्याने शीर्षक तेच राहतं, म्हणजे ब्लॉकचा हॅशही तोच आणि तो मिळवायला केलेलं गणनेचं कामही खरंच. तुमचा नोड व्यवहार तपासतो, तेच पैसे दोनदा खर्च झालेले दिसतात, आणि तो ब्लॉक नाकारतो. इथपर्यंत बरोबर. पण नोड त्याचा हॅश ‘वाईट’ म्हणून टिपूनही ठेवतो. मग अस्सल ब्लॉक आला की तोच हॅश बघून तो न उघडताच फेकला जातो. बाकी जग पुढे जातं आणि हा नोड जुन्या साखळीवर अडकून बसतो. २०१२ मध्ये ही चूक `CVE-2012-2459` या क्रमांकाने नोंदवली गेली. दुरुस्ती छोटी होती : व्यवहार पुनरावृत्त आहेत का ते आधीच पाहायचं, आणि असा ब्लॉक नाकारला तरी त्याचा हॅश वाईटांच्या यादीत घालायचा नाही. ट्री बांधण्याचा नियम मात्र तसाच राहिला. तो बदलला असता तर जुन्या ब्लॉकांची रूटं जुळली नसती.

‘ट्री फुटला’ असं त्या वेळी बोललं गेलं, ते तंतोतंत बरोबर नव्हतं. एखादा व्यवहार ब्लॉकमध्ये आहे हा पुरावा या चुकीने खोटा ठरत नव्हता. तो धोका दुसऱ्या नियमातून आला, म्हणजे पान आणि गाठ यांच्यात फरक न करण्यातून. आतली गाठ म्हणजे ३२-३२ बाइटांचे दोन हॅश, एकूण ६४ बाइट. कुणी बरोबर ६४ बाइटांचा व्यवहार असा घडवला की त्याचे शेवटचे ३२ बाइट म्हणजे एका बनावट व्यवहाराचा हॅश असतील, तर? तोच मजकूर एका बाजूने व्यवहार म्हणून वाचता येतो आणि दुसऱ्या बाजूने गाठ म्हणून. फक्त शीर्षकं ठेवणाऱ्याला मग एक पायरी लांब वाट दाखवून ‘खाली’ तो बनावट व्यवहार आहे असं पटवता येतं. असा व्यवहार घडवायला बरीच गणनशक्ती लागते, हे खरं. ओळखण्याची एक युक्ती आहे. या ट्रीत सगळी पानं एकाच खोलीवर असतात, म्हणून ब्लॉकमधल्या पहिल्या व्यवहाराचीही वाट मागायची आणि दोन्ही वाटांची लांबी सारखी आहे का ते पाहायचं.

२०१३ च्या जूनमध्ये वेब-प्रमाणपत्रांच्या सार्वजनिक नोंदवहीसाठी `RFC 6962` हे इंटरनेटच्या नियमांचं टिपण आलं, तेव्हा दोन्ही फटी बुजवलेल्या होत्या. `0x00` आणि `0x01` तिथे परतले. विषम संख्येसाठी दुणावणं नाही : एकूण संख्येपेक्षा लहान असलेला दोनचा सर्वांत मोठा घात डावीकडे, उरलेलं उजवीकडे. सहा नोंदी असतील तर डावीकडे चार, उजवीकडे दोन, आणि रूट `H(h1234, h56)`. आठ नोंदींच्या यादीचं रूट आता वेगळंच येतं.

बिटकॉइनमध्ये ६४ बाइटांचे व्यवहार नियमानेच बाद करावेत असा प्रस्ताव २०१९ मध्ये पुढे आला. आक्षेप असा की एका विशिष्ट लांबीवर बंदी घालणं विचित्र आहे, आणि लांबी तपासणाऱ्यांना वरची युक्ती पुरेशी आहे. प्रस्तावाच्या बाजूचे म्हणतात की ती युक्ती बहुतेक वॉलेट लिहिणाऱ्यांना ठाऊकच नसते.