ग्राउंड फ्रीझिंग : पाण्याच्या थरातले शाफ्ट आणि क्रॉस पॅसेज

पाण्याने भरलेली वाळू किंवा गाळ असलेल्या जमिनीत शाफ्ट, म्हणजे उभा खोल खड्डा, किंवा बोगदा खोदताना, खोदायच्या जागेभोवती आधी पाइप घालून त्यातून अतिथंड द्रव फिरवतात, मातीतलं पाणी गोठतं आणि माती-बर्फाची एक भिंत तयार होते. या पद्धतीला ग्राउंड फ्रीझिंग म्हणतात. भिंत तात्पुरती असते. आतलं काँक्रीट अस्तर तयार झालं की द्रव थंड करणारं मशीन बंद करतात आणि जमीन हळूहळू वितळते. दोन समांतर मेट्रो बोगद्यांना जोडणारा, म्हणजे आणीबाणीत प्रवाशांना एकातून दुसऱ्यात जाता यावं म्हणून केलेला क्रॉस पॅसेज, हे आजकाल याचं सगळ्यात नेहमीचं काम. या नोंदीत मुख्यतः त्याचाच विचार आहे.

उगम. पद्धत कुठे सुरू झाली यावर एकमत नाही. काही संदर्भग्रंथ १८६२ च्या सुमारास साउथ वेल्समधल्या स्वान्सी भागातल्या एका शाफ्टला पहिला मान देतात, पण हा उल्लेख बहुतेक ठिकाणी एका ओळीतच येतो आणि नेमकं काय केलं, पाइप कसे होते, गारवा कुठून आणला हे त्यात फारसं सापडत नाही. दुसरा पक्ष जर्मन खाण-इंजिनिअर एफ. एच. पोएट्श याचा. त्याने १८८३ मध्ये पेटंट घेतलं आणि त्याच सुमारास श्नाइडलिंगेनजवळच्या आर्किबाल्ड कोळसा खाणीत पाण्याच्या वाळूतून शाफ्ट उतरवला. सायबेरियातले सोनं शोधणारे तर त्याच्याही आधीपासून ओल्या जमिनीत थोडं खणायचे, कडाक्याच्या थंडीत तळ गोठू द्यायचे, मग पुढचा थर खणायचे. पण ते निसर्गाच्या भरवशावरचं काम झालं, त्याला कृत्रिम म्हणता येत नाही. प्रस्तुत लेखकाचा कल पोएट्शकडे आहे, कारण त्याची मांडणी (तळ बंद असलेला बाहेरचा पाइप, त्याच्या आत बारीक पाइप, खारं पाणी आतून खाली जातं आणि दोघांच्या मधल्या फटीतून वर येऊन परत मशीनकडे जातं) आजही जवळपास तशीच वापरात आहे, आणि स्वान्सीच्या बाबतीत तेवढं ठामपणे सांगता येत नाही. शहरी कामांत पॅरिस मेट्रोच्या ४ नंबर लाइनने १९०८-०९ च्या सुमारास सेन नदीच्या काठी, सेंट मिशेल भागात रेल्वे रुळांखालची जमीन गोठवून बोगदा काढला, ते उदाहरण बरंच जुनं आणि भरवशाचं.

गारवा कसा देतात. दोन रस्ते आहेत. पहिला ब्राइनचा, म्हणजे कॅल्शियम क्लोराइडचं खारं पाणी उणे २५ ते उणे ३५ अंशांपर्यंत थंड करून फिरवायचं. दुसरा लिक्विड नायट्रोजनचा, तो उणे १९६ अंशांवर उकळतो आणि त्याची वाफ सरळ हवेत सोडतात. नायट्रोजनने काही दिवसांत जमीन गोठते पण खर्च फार, आणि बोगद्यात वाफ साचली तर ऑक्सिजन कमी होऊन माणसं कसलाही वास न येता कोसळतात, म्हणून वाफ पाइपने बाहेर न्यावी लागते आणि ऑक्सिजन मीटर लावावे लागतात. लांबणाऱ्या कामाला ब्राइन आणि अडलेल्या जागेला नायट्रोजन, अशी साधारण वाटणी असते.

किती गारवा लागतो. समजा मुंबईत खाडीकाठी वाळूच्या थरात १२ मीटर लांबीचा क्रॉस पॅसेज करायचाय. खोदकाम ४.५ मीटर व्यासाचं आणि भोवती २ मीटर जाडीची बर्फभिंत, म्हणजे गोठवायची जमीन साधारण ४९० घनमीटर. जमीन मुळात २८ अंशांवर आहे असं धरलं तर पाण्याने भरलेल्या वाळूच्या एका घनमीटरमधून सुमारे २४० मेगाज्यूल उष्णता काढावी लागते, तेव्हा ती उणे १० अंशांवर येते. यातला निम्म्याहून जास्त भाग एकट्या पाण्याचा बर्फ व्हायला जातो. युरोपात जमीन १० अंशांवर असते, तिथे हाच आकडा १८५ च्या आसपास येतो, म्हणजे परदेशातला हिशोब जसाच्या तसा इथे उचलला तर सुरुवातीलाच तेवीस टक्के कमी पडतो. सगळ्या जमिनीचे मिळून ११८ गिगाज्यूल होतात, ते ४० दिवसांत काढायचे तर एसीवाल्यांच्या भाषेत सुमारे १० टन, आणि बाहेरची गरम जमीन सतत उष्णता आत ढकलत असते म्हणून निदान दुप्पट धरावं, म्हणजे २० टन. आकडा ऐकायला छोटा वाटतो, पण मशीनच्या प्लेटवरचे टन बहुतेक वेळा बरंच वरचं तापमान धरून लिहिलेले असतात. उणे ३० अंशांच्या ब्राइनवर तेच मशीन त्याहून खूप कमी देतं, ते आधी विचारून घ्यायचं.

पाइप आणि वाकडेपणा. पाइप एका बोगद्यातून दुसऱ्याच्या दिशेने, अस्तराच्या सेगमेंटमधून, म्हणजे तयार काँक्रीट तुकड्यांमधून, भोक पाडून घालतात. भोक पाडताना पलीकडे दाबाखालचं पाणी असतं म्हणून आधी स्टँडपाइप, म्हणजे भोकाच्या तोंडाशी पक्का केलेला आखूड पाइप, आणि त्यावर व्हॉल्व्ह बसवून मगच आरपार जायचं. पाइप एकमेकांपासून साधारण १ मीटरवर ठेवतात. प्रत्येक पाइपभोवती बर्फाचा खांब वाढतो, सुरुवातीला दिवसाला दोन-अडीच सेंटीमीटर, नंतर हळू. पण १२ मीटरला १ टक्का ड्रिल वाकडं गेलं तर टोकाला पाइप १२ सेंटीमीटर सरकतो, शेजारचा उलट बाजूला सरकला तर दोघांतलं अंतर १ मीटरचं १.२४ मीटर होतं, आणि गोठायला लागणारा वेळ साधारण अंतराच्या वर्गाने वाढत असल्यामुळे त्या एका जागी दीडपट दिवस लागतात. बाकी भिंत तयार, तिथे फट. म्हणून ड्रिल झाल्यावर प्रत्येक भोकाचा प्रत्यक्ष मार्ग मोजून नकाशावर काढतात आणि अंतर फार पडलं असेल तर मध्ये एक जादा पाइप घालतात.

ब्राइन गळणं हा आणखी वाईट प्रकार. कॅल्शियम क्लोराइड मातीत गेलं की ती माती गोठतच नाही, भिंतीत कायमचा मऊ खळगा राहतो. त्यामुळे पाइप घालताच प्रेशर टेस्ट करतात आणि पुढे टाकीतली पातळी रोज लिहून ठेवतात. एखाद्या पाइपच्या डोक्यावर बाकीच्यांसारखा पांढरा दव-बर्फ धरत नसेल तर त्यात ब्राइन फिरत नाहीये, बहुतेक हवा अडकलीये, असं समजायचं.

खाडीचं खारं पाणी. समुद्राचं पाणी उणे १.९ अंशांच्या आसपास गोठायला लागतं, पण बर्फ होताना मीठ बाहेर पडतं आणि उरलेलं पाणी आणखी खारट होत जातं, कुल्फीवाला बर्फात मीठ घालतो तोच हिशोब उलट्या बाजूने. उणे १० अंशांवरसुद्धा साधारण चौथा हिस्सा पाणी द्रवच असतं. थर्मामीटर गोठल्याचं सांगतो आणि भिंत मात्र गोड्या पाण्याच्या बर्फाइतकी मजबूत नसते. म्हणून खाडीकाठी भिंतीचं सरासरी तापमान आणखी खाली न्यावं लागतं किंवा जाडी वाढवावी लागते, आणि नमुन्याची ताकद त्याच ठिकाणचं पाणी वापरून तपासावी लागते.

दुसरी अडचण वाहत्या पाण्याची. पाणी दिवसाला १ ते २ मीटरपेक्षा जास्त वेगाने सरकत असेल तर ब्राइनच्या पाइपांमधली फट बंद होता होत नाही, येणारं पाणी गारवा घेऊन जातं. अशा वेळी आधी ग्राउट, म्हणजे सिमेंटसारखं घट्ट होणारं मिश्रण, जमिनीत मारून वेग कमी करतात. खाडीकाठी पाणी भरतीला इकडे आणि ओहोटीला तिकडे ढकललं जातं, सरासरी वेग शून्य दिसला तरी उष्णता येतच असते.

भिंत जुळली हे कसं कळतं. तापमानाची भोकं ठराविक जागी असतात, फट नेमकी दोन भोकांच्या मध्ये असू शकते, म्हणून नुसत्या तापमानावर विसंबत नाहीत. भिंतीच्या आत, जी माती पुढे खणायची आहे तिच्यात एक प्रेशर होल ठेवतात आणि त्यावर साधं गेज. कडं बंद झालं नसेल तर बाहेरचा आणि आतला दाब एकच राहतो, त्यामुळे खाडीकाठच्या जोडलेल्या थरात त्या गेजचा काटा भरती-ओहोटीबरोबर दिवसातून दोनदा वरखाली होताना दिसायला हवा. कडं पूर्ण बंद झालं की काटा भरतीचं ऐकणं सोडून देतो आणि आतलं पाणी बर्फाने दाबलं जात असल्याने हळूहळू वर चढतो. मग व्हॉल्व्ह उघडून दाब सोडतात. सुरुवातीला पाणी येतं, कमी होतं, थांबतं. पाणी येतच राहिलं तर खोदायचं नाही, तारीख कितीही जवळ असो. शिवाय खोदकामासाठी अस्तर उघडण्याआधी आडवी तपास-भोकं मारून बघतात.

सगळ्यात कच्ची जागा भिंतीच्या मध्यात नसते, ती पलीकडच्या बोगद्याच्या अस्तराला बर्फ टेकतो तिथे असते. काँक्रीट बोगद्यातल्या गरम हवेची उष्णता आत आणतं, पाइपांची टोकं तिथवर पोचलेली नसतात, आणि बर्फ अस्तरापासून बारीकसा सुटलेला असला तरी पाण्याला तेवढं पुरतं. उपाय म्हणजे पलीकडच्या अस्तराच्या आतल्या बाजूवर थंड पाइप आणि त्यावर फोमचा जाड थर. मुंबईच्या उकाड्यात हा थर टाळून चालत नाही. उघडायच्या तोंडावर पोलादी दरवाजाही बसवतात, पाणी आलंच तर तो बंद करून दाब धरता येतो.

शांघाय, २००३. १ जुलै २००३ रोजी पहाटे शांघाय मेट्रोच्या ४ नंबर लाइनवर, ह्वांगपू नदीजवळ, गोठवून चाललेल्या क्रॉस पॅसेजमध्ये पाणी आणि वाळू घुसली. थंड करणाऱ्या मशीनमध्ये आधी बिघाड झाला होता आणि जमिनीचं तापमान चढत होतं, खोदकाम जवळपास संपत आलेलं होतं, खाली दाबाखालचा पाण्याचा थर होता. बोगद्यांचा भाग कोसळला, वरची जमीन खचली, इमारती आणि नदीची संरक्षक भिंत ढासळली. लोक वेळेत बाहेर काढल्यामुळे जीवितहानी झाली नाही, पण थेट नुकसान सुमारे १५ कोटी युआन सांगितलं जातं. तो भाग मूळ जागीच वरून खोल खणून परत बांधला आणि लाइनचं वर्तुळ २००७ च्या डिसेंबरअखेर पूर्ण झालं. मशीन बंद पडलं की बर्फ लगेच वितळत नाही, जाड भिंत दिवसच्या दिवस टिकते, पण नुकतीच जुळलेली पातळ जागा तेवढा वेळ देत नाही आणि खोदकाम उघडं असेल तर अजिबात नाही. जादा चिलर आणि जनरेटर ठेवतात ते याचसाठी.

मुंबई. मेट्रो ३ चे बोगदे बहुतांश बेसॉल्ट, ब्रेसिया आणि टफ अशा खडकांतून जातात, तिथे क्रॉस पॅसेज खडक फोडून होतो आणि गळती ग्राउटने आवरते, गोठवायची पाळी येत नाही. बुलेट ट्रेनच्या बीकेसी ते शिळफाटा बोगद्यात दोन्ही रूळ एकाच नळीत असल्याने क्रॉस पॅसेजचा प्रश्नच नाही, ठाणे खाडीखालचे ७ किलोमीटर धरूनसुद्धा. प्रश्न येतो तो खडक खोल आणि वर भरावाची जमीन, सागरी चिकणमाती किंवा वाळू असेल तिथे.

वितळल्यानंतर. चिकणमाती गोठताना फुगते आणि वितळताना त्याहून जास्त बसते, कारण बर्फाने तिची मूळ घडण मोडलेली असते. शेजारी जुनी चाळ किंवा पाण्याची मोठी लाइन असेल तर अस्तरात आधीच ठेवलेल्या भोकांतून थोडं थोडं ग्राउट, वितळण्याच्या वेगाने, पुष्कळदा कित्येक महिने घालत राहावं लागतं. वाळूत हा त्रास बराच कमी.