1930 ला फोन केल्यावर पुढे काय? तक्रार, कागदपत्रं आणि 'होल्ड' झालेले पैसे परत मिळवायची प्रोसेस

शुक्रवारी रात्री पावणेदहाला आमच्या खालच्या मजल्यावरचे काका वर आले, हातात मोबाईल, चेहरा पांढराफटक. एसटीतून रिटायर झालेत, शेअर वगैरेच्या वाटेला आयुष्यात कधी गेले नव्हते. म्हणाले, "अरे जरा बघ ना, ॲपमध्ये माझे एकोणीस लाख दिसतायत, पण काढायला गेलो तर आधी वीस टक्के टॅक्स भरा म्हणतायत, तीन लाख ऐंशी हजार, एवढे आणू कुठून?"

ही फसवणूक आहे हे तिथेच कळलं. टॅक्स इन्कम टॅक्स खात्याला भरतात, रिटर्न भरताना, स्वतःच्या पॅनवर. तुमचे स्वतःचे पैसे सोडवायला आधी आम्हाला टॅक्स द्या असं कुठलाही खरा ब्रोकर म्हणत नाही. मी एवढंच विचारलं, "काका, शेअर घेतले ना, मग सीडीएसएल किंवा एनएसडीएलचा मेल-मेसेज आलाय का कधी?" नव्हता आला. खरे शेअर घेतले की ते तुमच्या डीमॅटला दिसतात, आणि सीडीएसएल-एनएसडीएल, म्हणजे शेअर सांभाळणाऱ्या डिपॉझिटरी, यांचं एकत्रित स्टेटमेंट तुमच्या ईमेलवर येतं, ते ब्रोकर पाठवत नाही. ॲपमधला आकडा कोणीही काहीही टाकू शकतो, हे स्टेटमेंट त्यांच्या हातात नसतं. काकांचं तर डीमॅटच नव्हतं, त्यांना सांगितलेलं की "इन्स्टिट्यूशनल अकाउंट" आहे, त्यात आयपीओ हमखास लागतो आणि डीमॅट लागत नाही. सेबीने याबद्दल 2024 मध्ये स्पष्ट सांगितलंय की असल्या खात्यांचा मार्ग परदेशी गुंतवणूकदारांसाठी आहे, इथे राहणाऱ्या सामान्य माणसाला तो खुलाच नाही.

सुरुवात नेहमीसारखीच. व्हॉट्सॲप ग्रुप, त्यात रोज कुणीतरी "सर, आज 14 हजार सुटले" टाकणार (ते सगळे त्यांचेच), पहिले 5 हजार भरले, त्यातले 1,200 मागितल्यावर लगेच खात्यात आले, म्हणून विश्वास बसला. मग 50 हजार, मग दीड लाख, आणि त्याच शुक्रवारी दुपारी चारला शेवटचे 2 लाख. एकूण 4 लाख 5 हजार. एक गोष्ट तेव्हाच खटकायला हवी होती, चारही वेळा पैसे वेगवेगळ्या खात्यात गेले होते, एक कुठल्या तरी ट्रेडर्सचं, एक कापड दुकानाच्या नावाचं. खऱ्या ब्रोकरला पैसे जातात ते ब्रोकरच्याच नावाच्या खात्यात. आता तर सेबीने नोंदणी असलेल्या ब्रोकर-म्युच्युअल फंडांना @valid ने सुरू होणारे यूपीआय हँडल दिलेत, आणि सेबीच्याच SEBI Check या सोयीत पैसे पाठवायच्या आधी तो आयडी किंवा खातं टाकून बघता येतं. दोन मिनिटांचं काम आहे.

तर आता तक्रारीचं. तक्रार कोण करू शकतो? ज्याचे पैसे गेले तो, आणि त्याला जमत नसेल तर त्याच्या वतीने घरचं कोणीही. फी नाही. रक्कम किती लहान चालेल असंही काही नाही, दोन हजार गेले तरी करा. "मीच माझ्या हाताने पाठवले, आता काय तोंडाने सांगू" असं काका म्हणत होते, त्याने काही फरक पडत नाही, फसवून घेतलेले पैसे फसवणूकच.

पहिलं काम 1930. हा नंबर केंद्रीय गृहखात्याच्या सायबर यंत्रणेचा आहे, फोन राज्याच्या पोलिसांकडे जातो, आणि तिथून माहिती थेट बँकांच्या सिस्टिममध्ये टाकली जाते. घाई का, तर तुमचे पैसे ज्या खात्यात गेले तिथे ते थांबत नाहीत, पुढे दुसऱ्या खात्यात, तिथून तिसऱ्या-चौथ्या, आणि मग एटीएममधून नाहीतर क्रिप्टोत. पोलीस याला लेयर म्हणतात. ज्या लेयरला पैसा अजून पडलेला असेल तिथे बँक तेवढ्या रकमेवर लियन लावते, म्हणजे होल्ड. उद्या सकाळी ब्रँचला जाऊ म्हणून थांबलात तर तोवर खातं रिकामं. लाईन लागत नव्हती, सातव्यांदा लागली, लावत राहायचं, दुसऱ्या मोबाईलवरून cybercrime.gov.in उघडून ठेवायचं.

फोनवर विचारतात ते हातात ठेवा: कुठल्या बँकेतून गेले, खाते नंबर, किती, किती वाजता, आणि प्रत्येक व्यवहाराचा यूटीआर, म्हणजे बँकेकडे त्या व्यवहाराची ओळख असलेला नंबर. इथेच निम्मे लोक अडखळतात. यूपीआयचा यूटीआर बारा आकडी असतो, ॲपमध्ये त्याच्याच वर-खाली ॲपचा स्वतःचा ट्रान्झॅक्शन आयडी पण दिसतो, तो दिलात तर बँकेला व्यवहार सापडत नाही. काकांनी आधी तोच वाचून दाखवला. शंका आली तर बँकेचं स्टेटमेंट काढा, त्यातल्या नोंदीत बारा आकडे असतात.

तक्रार घेतली की मेसेजवर ॲकनॉलेजमेंट नंबर येतो. बरेच जण इथे थांबतात, पण फोन ही अर्धीच तक्रार. चोवीस तासांच्या आत पोर्टलवर जाऊन बाकीचा फॉर्म पूर्ण करा. लागतं काय तर ओळखपत्राचा फोटो (आधार, पॅन काहीही), व्यवहार दिसणारं स्टेटमेंट, समोरच्याचे फोन नंबर, यूपीआय आयडी, ॲपची किंवा साइटची लिंक, आणि चॅटचे स्क्रीनशॉट. ग्रुपमधून रागाने बाहेर पडू नका, चॅट डिलीट करू नका, ॲप अनइन्स्टॉल करायच्या आधी स्क्रीनशॉट काढा ज्यात एकोणीस लाख आणि "टॅक्स भरा" दोन्ही दिसतंय. घटनेचं वर्णन लिहायच्या रकान्यात एक गंमत आहे, किमान दोनशे अक्षरं लागतात आणि विशेष चिन्हं चालत नाहीत, काकांच्या मुलाने ₹, @ आणि कंसांसकट सुंदर निबंध लिहिला आणि फॉर्म पुढेच जाईना. साधं लिहा, अमुक तारखेला अमुक वाजता इतके रुपये पाठवले, बस.

तिसरं, बँकेत लेखी अर्ज, आणि पोचवर शिक्का. आता इथे एक गैरसमज सगळीकडे फिरतो, की तीन दिवसांत कळवलं की रिझर्व्ह बँकेच्या नियमाने पैसे परत. तो 2017 चा नियम आहे, पण तो आहे तुमच्या परवानगीशिवाय झालेल्या व्यवहारांसाठी, म्हणजे तुम्ही काही केलं नाही, बँकेचीही चूक नाही, तिसऱ्याच कुणीतरी पैसे काढले, तर तीन कामकाजाच्या दिवसांत कळवल्यास तुमची जबाबदारी शून्य. तुम्ही स्वतः पिन टाकून पाठवलेत तिथे हा नियम लागत नाही, आणि काकांचं तसंच होतं. म्हणून त्यांच्यासाठी होल्ड हाच एक रस्ता. बँकेने अर्ज फेटाळला किंवा तीस दिवसांत उत्तर दिलं नाही, तर cms.rbi.org.in वर लोकपालाकडे फुकट तक्रार करता येते, तेव्हा तो शिक्का लागतो.

काकांचं काय झालं, तर आधीच्या तीन व्यवहारांचे पैसे केव्हाच गेले होते. शुक्रवारच्या 2 लाखांपैकी 71,400 दुसऱ्या लेयरमधल्या दोन खात्यांत अडकले, होल्ड झाले. पोर्टलवर स्टेटस बघून त्यांना वाटलं झालं, आता जमा होतील. तीन महिने वाट बघत बसले. होल्ड म्हणजे परत नव्हे. बँक ती रक्कम आपणहून देत नाही, साधारणपणे त्यासाठी कोर्टाचा आदेश लागतो.

त्यासाठी आपल्या तक्रारीचा तपास ज्या ठाण्याकडे आलाय तिथे जाऊन तपास अधिकाऱ्याकडून कुठल्या बँकेत किती होल्ड आहे ते लेखी घ्यायचं. मग मॅजिस्ट्रेट कोर्टात भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 503 खाली रक्कम परत मिळण्याचा अर्ज, सोबत प्रतिज्ञापत्र, तक्रारीची प्रत (एफआयआर झाली असेल तर तीही), बँक स्टेटमेंट ज्यात गेलेली रक्कम मार्करने खूण केलेली, आधार, आणि होल्डचं पत्र. कोर्ट पोलिसांचा 'से' मागवतं, म्हणजे त्यांना हरकत आहे का, मग आदेश होतो, बहुतेकदा बाँड लिहून घेतात की पुढे कुणी हक्क सांगितला तर रक्कम परत करीन. त्याच खात्यात आणखी चार जणांचे पैसे आलेले असतील तर गुंता होतो, कोणाचा किती हे ठरेपर्यंत वेळ जातो. काही ठिकाणी लोकअदालतीतही असे अर्ज निकाली निघतात, ठाण्यात विचारून घ्या. आदेशाची सही-शिक्क्याची प्रत ज्या बँकेत पैसे होल्ड आहेत तिथे द्यायची, आपल्या बँकेत नाही. काकांना सगळं मिळून सात महिने लागले.

लोनवाल्यांची तक्रारही याच रस्त्याने. आमच्या दुधवाल्याला 2 लाखांचं लोन मंजूर असं शिक्क्याचं पत्र व्हॉट्सॲपवर आलं, फाईल चार्ज 1,850, मग इन्शुरन्स 3,200, मग जीएसटी, प्रत्येक वेळी "हे शेवटचं". खरा लेंडर चार्जेस बहुतेक वेळा लोनच्या रकमेतून कापतो आणि आधी की फॅक्ट स्टेटमेंटमध्ये लिहून देतो. होम लोनला कुठे कुठे लॉगिन फी आधी घेतात, पण ती संस्थेच्या खात्यात जाते, कुणा माणसाच्या यूपीआयवर नाही. रिझर्व्ह बँकेच्या वेबसाइटवर डिजिटल लेंडिंग ॲप्सची यादी आहे, त्यात ॲप आहे का बघा, आणि ॲपने कॉन्टॅक्ट किंवा फोटो गॅलरीची परवानगी मागितली तर तिथेच थांबा, ते त्यांना मागताच येत नाही, आणि पुढे वसुलीला तेच फोटो वापरतात.

त्यानंतर काकांनी एक केलंय, पेन्शनचं खातं यूपीआयला जोडलेलंच नाही, दुसऱ्या खात्यात पाच-सात हजार ठेवतात आणि तेच मोबाईलला, मोठ्या खात्याची नेटबँकिंगची रोजची मर्यादा दहा हजारावर आणून ठेवलीय. मोठी रक्कम पाठवायची तर ब्रँचला जावं लागतं, कुरकुर करतात, पण जातात.

आणि हो, तक्रार केल्यावर दोन आठवड्यांनी त्यांना एक फोन आला, "सायबर सेलमधून बोलतोय, तुमचे 4 लाख सापडलेत, रिलीज करायला 8,500 भरा". काका म्हणाले, "थांबा हं, आधी तुमचा यूटीआर सांगा." फोन कट.