पॅरी आणि रिपोस्ट (ॲक्शन गेम)

शत्रूचा वार ऐन क्षणी बाजूला उडवून त्याचा तोल घालवणे म्हणजे पॅरी, आणि तो सावरण्याआधी केलेला उलटवार म्हणजे रिपोस्ट. दोन्ही संज्ञा तलवारबाजीतल्या आहेत. ब्लॉक आणि पॅरी या दोन्हींत वार अडतो, पण गेम दोन वेगळ्या गोष्टी तपासतो. ब्लॉकसाठी वार पोचताना बटण दाबलेले असले की पुरते. पॅरीसाठी ते कधी दाबले हे महत्त्वाचे असते, आणि ते धरून ठेवण्याचा काही उपयोग नसतो.

‘डार्क सोल्स’ (2011) या गेममध्ये हा फरक सर्वांत ठळक दिसतो. ढाल वर धरली की प्रत्येक वारागणिक स्टॅमिना खर्च होतो. ढाल वर असेपर्यंत तो भरूनही सावकाश येतो आणि संपला की बचाव फुटून खेळाडू उघडा पडतो. थोडक्यात, ब्लॉक ही उधारी आहे. पॅरीचे बटण वेगळे असते. ते दाबल्यावर हात ढालीसकट झटकला जातो आणि या हालचालीचे तीन टप्पे पडतात: सुरुवातीची तयारी, मधला अगदी छोटा प्रभावी काळ आणि हात परत येण्याचा काळ. वार मधल्या टप्प्यात सापडला तरच पॅरी लागते. छोट्या ढालींना हे चांगले जमते, तर अवजड मोठ्या ढालींनी पॅरी करताच येत नाही.

नवख्यांचा घोटाळा होतो तो तयारीच्या टप्प्यामुळे. गणितासाठी काल्पनिक आकडे घेऊ. गेम सेकंदाला 60 फ्रेम दाखवतो, तयारीला 8 फ्रेम लागतात आणि पुढच्या 6 फ्रेम प्रभावी असतात. शत्रूने हात उचलल्यापासून 30व्या फ्रेमला तलवार अंगावर येत असेल, तर बटण 17 ते 22 या फ्रेमांदरम्यान दाबले पाहिजे, म्हणजे हालचाल सुरू झाल्यावर साधारण 0.28 ते 0.37 सेकंदांत. दिसलेल्या हालचालीवर बोट हलायला माणसाला सुमारे पाव सेकंद लागतो, त्यामुळे हा वार पाहून अडवता येतो, पण जेमतेम. तोच वार 20व्या फ्रेमला पोचत असेल, तर 7 ते 12 या फ्रेमांत बटण दाबावे लागेल. इतक्या लवकर प्रतिक्रिया देणे शक्य नाही, तिथे अंदाजच बांधावा लागतो. तलवार अंगाशी येताना दिसल्यावर बटण दाबणारा दोन्ही वेळा उशीरच करतो.

चूक कोणती झाली हे स्वतःच्या पात्राच्या हाताकडे पाहून कळते. हात झटकून परत येत असताना वार बसला, तर घाई झाली. झटका पुरा होण्याआधीच बसला, तर उशीर झाला. शत्रूकडे टक लावून बसणाऱ्याला हे दिसत नाही, म्हणून तो त्याच चुकीची पुनरावृत्ती करतो.

या गेमचा शेवटचा शत्रू ग्विन हे याचे चांगले उदाहरण. त्याच्या धगधगत्या तलवारीचे वार एकामागून एक येतात, त्यामुळे ढालीआड उभे राहणाऱ्याला स्टॅमिना भरायला उसंत मिळत नाही. त्याच्या तलवारीच्या वारांना मात्र पॅरी लागते आणि नंतरचा रिपोस्ट जबर असतो. ही पद्धत जमली की एरवी भयंकर वाटणारी लढत इतकी सोपी होते, की शेवट फिका पडला असे कुणाला वाटले तर नवल नाही. त्याने हाताने पकडायला झेप घेतली, तर मात्र पॅरी निरुपयोगी. तिथे बाजूलाच व्हावे लागते.

‘डार्क सोल्स’ बनवणाऱ्या कंपनीच्याच ‘सेकिरो’ने (2019) हिशेब बदलला. ब्लॉक आणि पॅरीचे बटण एकच. वार पोचण्याच्या जरा आधी दाबले तर तो परतवला जातो, फार आधी दाबून धरले तर साधा ब्लॉक होतो. तयारीचा टप्पा नसल्यामुळे घाई झाली तर शिक्षा सौम्य असते, उशिरा दाबले तर मात्र वार बसतो. यश आवाजावरून ओळखता येते: नेमक्या पॅरीला धातूचा आवाज तीक्ष्ण येतो आणि ठिणग्या जास्त उडतात. बटण भराभर दाबत राहिल्यास प्रभावी काळ आखडतो, ही पळवाट बनवणाऱ्यांनी मुद्दाम बंद केलेली आहे. वेगळ्या रिपोस्टची जागा इथे पोश्चर या पट्टीने घेतली आहे. दर पॅरीने शत्रूची पट्टी भरत जाते आणि पूर्ण भरली की घातक वार करता येतो. नुसता ब्लॉक करणाऱ्याची स्वतःचीच पट्टी भरून बचाव फुटू शकतो.

दोन्ही गेममध्ये टीव्हीचा विलंब ही खरी अडचण ठरते. चित्रावर जास्त प्रक्रिया करणारा टीव्ही ते काही फ्रेम उशिरा दाखवतो. ब्लॉकला त्याने फारसे बिघडत नाही, पण वरच्या उदाहरणात सहा फ्रेमांपैकी तीन-चार तिथेच जातात. टीव्हीचा गेम मोड चालू करून पाहावा. दर वेळी थोडाच उशीर होत असेल, तर दोष बोटांचा नसण्याची शक्यता बरीच असते.