रात्रीचा गुदकंडू आणि सूतकृमी

दिवसभर नीट खेळणारे, जेवणारे मूल रात्री झोप लागल्यावर तास-दोन तासांनी चुळबुळ करू लागते, चड्डीत हात घालून शीच्या जागी खाजवते, कधी रडत उठते आणि ‘तिथे काहीतरी चावतंय’ म्हणते. दोन ते दहा वर्षांच्या मुलाची अशी तक्रार असेल तर सर्वांत आधी सूतकृमीचा विचार करावा. शास्त्रीय नाव एंटेरोबियस व्हर्मिक्युलॅरिस. हा कृमी फक्त माणसात वाढतो, त्यामुळे घरातल्या कुत्र्या-मांजराला दोष देण्यात अर्थ नाही. मातीतूनही तो येत नाही. एका माणसाच्या नखांतून, चादरीतून, खेळण्यांवरून दुसऱ्याच्या तोंडात जातो. म्हणून स्वच्छ, पक्क्या घरात आणि शहरी प्लेस्कूलमध्येही तो सर्रास आढळतो.

खाज रात्रीच का सुटते, याचे उत्तर मादीच्या अंडी घालण्याच्या पद्धतीत आहे. पूर्ण वाढलेले कृमी मोठ्या आतड्याच्या सुरुवातीच्या भागात, अपेंडिक्सच्या आसपास राहतात. नर जेमतेम २ ते ५ मिलिमीटरचा असतो आणि सहसा कुणाच्या नजरेस पडत नाही. मादी ८ ते १३ मिलिमीटर लांब, पांढरी आणि शेपटाकडे सुईसारखी निमुळती असते. अंड्यांनी पोट भरले की ती आतड्यातून खाली सरकते आणि मूल झोपेत असताना गुदद्वाराबाहेर येऊन आजूबाजूच्या कातडीच्या चुण्यांत अंडी घालते. एका मादीची अंडी दहा हजारांच्या घरात जातात. ती घातल्यावर मादी मरते. तिची हालचाल आणि अंड्यांभोवतीचा चिकट थर यांमुळे कातडीला खाज सुटते. मूल झोपेत खाजवते, अंडी नखांखाली जातात आणि तोच हात सकाळी तोंडात जातो. चार ते सहा तासांत ही अंडी संसर्ग करण्याजोगी होतात, म्हणजे उजाडेपर्यंत ती तयारच असतात. गिळल्यापासून नवीन मादी अंडी घालायला बाहेर येईपर्यंत साधारण महिना जातो. हा महिन्याचा हिशेब पुढे उपयोगी पडतो.

ओळखण्याची सर्वांत सोपी पद्धत म्हणजे डोळ्यांनी पाहणे. मूल झोपल्यावर दोन-तीन तासांनी त्याला हलकेच कुशीवर वळवावे, कुल्ले अलगद फाकवून बॅटरीच्या उजेडात चुण्यांत नीट पाहावे. मादी दिसली तर ती पांढऱ्या दोऱ्याच्या छोट्या तुकड्यासारखी दिसते. पण मिनिटभर नजर स्थिर ठेवली की तो तुकडा हळूहळू वळवळताना दिसतो. चड्डीचा धागा किंवा टिशूचा तंतू जागचा हलत नाही, भाजीचा रेषा दोन्ही टोकांना सारखाच असतो. मुलींमध्ये योनीच्या तोंडाशीही पाहावे, कारण मादी कधी कधी तिकडे भरकटते. एखाद्या रात्री काही दिसले नाही म्हणून निष्कर्ष काढू नये. माद्या रोज ठरल्या वेळी बाहेर येतात असे नाही. दोन-तीन रात्री पाहणे बरे.

डोळ्यांना दिसले नाही तर चिकटपट्टीची चाचणी करावी. ही युक्ती ग्रॅहॅम यांनी १९४१ मध्ये मांडली आणि आजही तिच्याहून चांगले काही निघालेले नाही. बोटभर लांबीची पारदर्शक सेलोटेप घ्यायची. दुधी, धूसर दिसणारी टेप चालत नाही, कारण तिच्यातून सूक्ष्मदर्शकात अंडी दिसत नाहीत. चमच्याच्या दांड्याच्या टोकावर ती चिकट बाजू बाहेर ठेवून गुंडाळायची. सकाळी मूल उठल्या उठल्या, शी आणि आंघोळ व्हायच्या आधी, गुदद्वाराभोवतीच्या कातडीवर दोन्ही बाजूंना ती तीन-चार वेळा दाबायची. आत घालायची नाही. मग चिकट बाजू खाली करून ती काचपट्टीवर बुडबुडे न राहता सपाट चिकटवायची आणि आपले हात साबणाने धुवायचे. लॅबमध्ये ती काच सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. अंडी लांबट, रंगहीन, एका बाजूने फुगीर आणि दुसऱ्या बाजूने सपाट असतात. हा सपाटपणाच त्यांची खूण.

एका सकाळच्या चाचणीत संसर्ग असलेल्यांपैकी निम्मीच मुले सापडतात. लागोपाठ तीन सकाळी केली तर सुमारे ९० टक्के सापडतात. आंघोळ घातल्यावर घेतलेला नमुना मात्र वाया गेला असे समजावे, कारण अंडी पाण्याबरोबर गेलेली असतात. आईने मुलाला स्वच्छ करून, तेल लावून दवाखान्यात नेले आणि चाचणी नकारात्मक आली, ही या तपासणीची ठरलेली फसगत आहे.

शौचाची तपासणी इथे जवळपास निरुपयोगी ठरते, आणि नेमकी तीच सर्वांत जास्त लिहून दिली जाते. मादी अंडी आतड्यात नाही तर बाहेर कातडीवर घालत असल्यामुळे शौचात ती क्वचितच मिळतात. रक्तातल्या इओसिनोफिल पेशीही या संसर्गात सहसा वाढत नाहीत, कारण कृमी आतड्याच्या भिंतीत शिरत नाही. ‘स्टूल क्लिअर, सीबीसी नॉर्मल’ अशा दोन कागदांवरून सूतकृमी नाहीत असे म्हणता येत नाही.

उदाहरणादाखल पाच वर्षांची एक मुलगी घेऊ. राष्ट्रीय जंतनाशक दिनाला, म्हणजे १० ऑगस्टला, शाळेत तिने अल्बेंडाझोलची गोळी चावून खाल्ली. सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात ती रात्री खाजवू लागते आणि लघवी करताना आग होते म्हणते. घरचे म्हणतात, जंताचे औषध तर नुकतेच झाले, तेव्हा जंत नसणार. लघवी तपासली, ती स्वच्छ. शौच तपासले, त्यातही काही नाही. पहिल्या रात्री बॅटरी लावून पाहिले, काही दिसले नाही. दुसऱ्या रात्री दोन पांढरे कृमी दिसले, एक गुदद्वारापाशी आणि एक पुढच्या बाजूला. लघवीची आग त्या दुसऱ्याने केलेल्या चिडीमुळे होती.

गोळी फुकट गेली नव्हती. अल्बेंडाझोल आतड्यातले कृमी मारते. नखांखालची, चादरीवरची अंडी त्याने मरत नाहीत, आणि थंड, दमट जागी ती दोन-तीन आठवडे टिकतात. याच मुलीचा सात वर्षांचा भाऊ १० ऑगस्टला तापामुळे शाळेत गेला नव्हता आणि नंतरही त्याची गोळी राहून गेली. दोघे एकाच गादीवर झोपतात. गोळी घेतल्यानंतर चार-पाच दिवसांनी तिच्या तोंडात गेलेली अंडी महिन्याभरात वाढली, की सप्टेंबरचा तिसरा आठवडा येतो. भावाची एकही तक्रार नव्हती. त्याची चिकटपट्टी मात्र दुसऱ्या सकाळी सकारात्मक आली. बऱ्याच संसर्गित मुलांना खाज मुळीच सुटत नाही, आणि घरात संसर्ग फिरता राहतो तो अशांमुळेच. एकीत कृमी दिसल्यावर भावाची तपासणी केली नसती तरी चालले असते, उपचार दोघांनाही द्यायचाच होता.

शाळेतल्या जंतनाशक मोहिमेचा रोख मातीतून पसरणाऱ्या कृमींवर आहे: गोलकृमी, चाबूककृमी आणि अंकुशकृमी. त्यांच्यासाठी वर्षातून दोनदा एकेक गोळी हा सोयीचा हिशेब आहे. सूतकृमीला तो पुरत नाही. इथे घरातल्या सगळ्यांनी एकाच दिवशी औषध घ्यावे लागते आणि दोन आठवड्यांनी तीच मात्रा पुन्हा, म्हणजे मधल्या काळात अंड्यांतून वाढलेले कृमी अंडी घालायच्या आत मरतात. दोन वर्षांवरील मुलांना आणि मोठ्यांना अल्बेंडाझोलची मात्रा ४०० मिलिग्रॅम असते. त्याहून लहान मूल किंवा गरोदर बाई घरात असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नये. औषधाच्या दिवशी चादरी, चड्ड्या न झटकता गरम पाण्यात धुवाव्यात, कारण झटकल्याने अंडी उडतात. नखे बारीक कापावीत आणि आंघोळ सकाळी उठल्यावर लगेच घालावी.

आपल्याकडे जंतांची म्हणून सांगितली जाणारी बरीच लक्षणे निदानाच्या कामाची नाहीत. मूल झोपेत दात खाते, गोड फार मागते, तोंडावर पांढरे चट्टे आहेत, पोट दुखते: यांपैकी कशावरूनही सूतकृमी ठरवता येत नाही, आणि गोड खाल्ल्याने ते होतही नाहीत. चेहऱ्यावरचे फिकट चट्टे बहुधा कोरड्या त्वचेचे असतात. शौचात दिसलेले सगळेच कृमी सारखेही नसतात. वीतभर किंवा त्याहून लांब, गांडुळासारखा जाड पडला तर तो गोलकृमी. चपटे, पांढरे, भोपळ्याच्या बीसारखे तुकडे पडले तर तो फीतकृमी, आणि त्याचे औषध वेगळे.

खाज असूनही तीन सकाळच्या चिकटपट्ट्या नकारात्मक आल्या तर कातडी नीट पाहावी. गुदद्वाराभोवती ठळक कडा असलेला लालभडक पट्टा असेल आणि शी करताना मूल दुखते म्हणून रडत असेल तर तो स्ट्रेप्टोकॉकस जिवाणूंचा संसर्ग असू शकतो. त्यावर जंताचे औषध चालत नाही, प्रतिजैविक लागते. रात्री खाज सुटते, पण बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर, काखेतही पुरळ आहे आणि घरातले इतरही खाजवतात, तर खरूज. शीला रक्ताची रेघ आणि कडक शौच असेल तर भेग. बद्धकोष्ठ असलेल्या मुलाची चड्डी सतत थोडी माखलेली राहते आणि तिनेही खाज सुटते, पण ती दिवसाही असते. मुलींमध्ये त्या जागेची कातडी पांढुरकी, पातळ, कागदासारखी दिसू लागली तर त्वचारोगतज्ज्ञांकडे न्यावे, कारण लायकेन स्क्लेरोसस नावाच्या विकारातही खाज येते आणि त्याला स्टेरॉइडचे मलम बराच काळ लावावे लागते.