n चं n वं मूळ आणि स्थिर संख्येचं n वं मूळ: दोन्हींची लिमिट 1

n वाढत गेला की n^(1/n) आणि a^(1/n) (a धन आणि स्थिर) हे दोन्ही सिक्वेन्स 1 कडे जातात. बरेच जण सिद्धता म्हणून एवढंच लिहितात की 1/n शून्याकडे जातो आणि कशाचाही शून्यावा घात 1, झालं. a साठी हे निदान घातफलनाच्या सातत्यावरून सावरता येतं, पण n साठी नाही, कारण तिथे पायासुद्धा वाढतोय. तोच युक्तिवाद 2^n ला लावून बघा, (2^n)^(1/n) तर कायम 2 च राहतं.

आधी a घेऊ, समजा a > 1. a^(1/n) = 1 + h लिहायचं, h धन आहे आणि n बरोबर बदलतो. मग a = (1+h)^n, आणि बर्नोलीच्या असमतेने हे 1 + nh पेक्षा कमी नाही, म्हणून h ≤ (a−1)/n. वरची संख्या जागची हलत नाही, खालची वाढत जाते, h शून्याकडे जातो. a = 1 असेल तर प्रश्नच नाही, आणि a एकापेक्षा लहान असेल तर 1/a घ्यायचा, त्याचं मूळ 1 कडे जातं म्हणून a चंही जातं.

आता हीच युक्ती n वर लावली तर मिळतं h ≤ (n−1)/n, म्हणजे h एकापेक्षा कमी आहे एवढंच कळलं, आणि त्याचा काही उपयोग नाही! इथेच खरी गंमत आहे. बर्नोलीत द्विपद विस्ताराची पहिली दोनच पदं वापरली जातात, आपल्याला तिसरं हवं. h धन असल्यामुळे सगळी पदं धन, म्हणून n ≥ 2 साठी बाकीची सोडून दिली तरी चालतं:

n = (1+h)^n ≥ n(n−1)/2 · h²

दोन्हीकडचा n गेला, h² ≤ 2/(n−1), म्हणजे h ≤ √(2/(n−1)). सँडविच करा, काम झालं. दुसऱ्या पदात n चा एकच घात होता म्हणून डावीकडच्या n ने तो खाऊन टाकला, तिसऱ्यात दोन आहेत म्हणून एक उरतो.

हा अंदाज ढिला आहे बरं का. n = 100 ला तो h ≤ 0.142 सांगतो, खरं मूळ 1.047 च्या आसपास. h 0.01 पेक्षा कमी हवा असेल तर सूत्र n > 20001 मागतं, प्रत्यक्षात साडेसहाशेच्या थोडं पुढे गेलं की पुरतं, कारण h साधारण (ln n)/n इतका असतो. पण लिमिट सिद्ध करायला ढिला अंदाजही पुरतो.

अजून एक, सिक्वेन्स सुरुवातीपासून उतरत नाही. 1, मग 1.414, मग n = 3 ला 1.442, तिथून पुढे उतरण, आणि n = 4 ला परत तेच 1.414, कारण 4 चं चौथं मूळ म्हणजे √2 च.

n^5 सारख्या घातालाही वेगळं काही करावं लागत नाही, (n^5)^(1/n) म्हणजे n^(1/n) चा पाचवा घात, तोही 1 कडे. म्हणूनच घातश्रेणीत xⁿ च्या जागी n^5·xⁿ आलं तरी मूळ कसोटी तीच अभिसरण त्रिज्या देते, 1.