सल्फेटमधला ४ कशाचा?

"SO₄ मध्ये ४ आहे, म्हणजे सल्फेटची संयुजा ४. मग मोरचुदाचं सूत्र Cu₂SO₄ का नाही?"

तो ४ फक्त ऑक्सिजनचे अणू मोजतो. संयुजा आम्लात दिसते. H₂SO₄ मधून दोन हायड्रोजन आयन गेले की सल्फेटवर दोन ऋण प्रभार उरतात. मोरचुदातल्या कॉपरवर दोन धन, म्हणून CuSO₄.

तासगावच्या द्राक्षबागेत ठिबकमधून सोडतात ते कॅल्शियम नायट्रेट घ्या. आम्ल HNO₃, हायड्रोजन एकच, म्हणून नायट्रेटची संयुजा १. कॅल्शियमची २, म्हणून दोन नायट्रेट लागतात: Ca(NO₃)₂. इथला कंस मुलं हमखास विसरतात. मग CaNO₃₂ होतं आणि ऑक्सिजन ३२ दिसतात!

ही युक्ती सगळीकडे चालत नाही. ॲसिटिक आम्लात, CH₃COOH मध्ये, चार हायड्रोजन आहेत, पण सुटतो एकच. ॲसिटेटची संयुजा १.